गुत्ता की रोज?

"ते तास-बीस राहू द्या भाऊ. गुत्ता सांगा, गुत्ता किती?"

आदिलाबादच्या कापूस खरेदीदार सेठजींनी मला हे विचारलं, तेव्हा मी पुरता अडकलो. आठवडाभर एका कंपनीसाठी घरून कोड लिहायचा आणि शनिवार-रविवारी गावातल्या दुकानदारांची कामं करायची, असं माझं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. इंटरनेटवरचे शहाणे सांगत होते की तासावर काम घ्या, नाहीतर बुडाल. सेठजी तास ऐकायलाच तयार नव्हते. गुत्ता हा आमच्याकडचा जिव्हाळ्याचा शब्द आहे. तेलुगूत गुत्ता, आमच्या सरहद्दीच्या मराठीतही गुत्ता. पैनगंगा ओलांडून यवतमाळकडे गेलं की त्यालाच उक्तं म्हणतात. सगळ्या कामाचे मिळून अमुक पैसे, मग तुम्ही दोन दिवसांत उरका की दोन महिन्यांत. मी मनात ४० तास धरले, तासाला ६०० रुपये लावले आणि २४,००० चा गुत्ता सांगितला. सेठजींनी घासाघीस केली नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

काम दिसायला साधं होतं. ट्रॅक्टर काट्यावर येतो, भरल्या गाडीचं वजन होतं, कापूस उतरला की रिकाम्या गाडीचं. मधला फरक म्हणजे माल. ओलावा बघून कटती, भाव, हमाली, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी. हे सगळं मुनीम कार्बन लावून वहीत लिहीत होता, ते संगणकावर आणायचं आणि संध्याकाळी टॅलीत टाकायचं. १४ सप्टेंबर २०२४ ला, गणपती बसल्यानंतरच्या शनिवारी, मी कामाला बसलो. नोकरी आणि घर सांभाळून शनिवारी सहा तास आणि रविवारी दोन, असे आठवड्याला आठ तास खरे हाती लागतात. जो वीस म्हणतो त्याचं लग्न झालेलं नसावं. आठ-आठ करत पाचवा शनिवार १२ ऑक्टोबरचा, म्हणजे नेमका दसरा. काट्याची पूजा आणि नव्या पट्टीचा श्रीगणेशा एकाच दिवशी, असा बेत ठरला.

काम संपलं ९ नोव्हेंबरला. दिवाळी उलटून गेली होती, मार्केट यार्डात गाड्यांची रांग लागली होती आणि मुनीम अजून कार्बनच लावत होता. एकूण तास ७१. चोवीस हजार भागिले एकाहत्तर केलं की तासाला ३३८ रुपये पडतात.

यातून बहुतेक जण जो धडा घेतात तो मीही घेतला, की गुत्ता वाईट. पण मी तासांची वही ठेवली होती आणि ती वेगळंच सांगत होती. पट्टीचे फॉर्म, हिशेब, याद्या यांना मी २० तास धरले होते, लागले २२. टॅलीला नोंदी पाठवायला ८ धरले, लागले ९. टॅली स्वतः ९००० क्रमांकाच्या पोर्टवर एक्सएमएल घेते, हे काम मी आधी केलेलं होतं. छपाईत चार तास वाढले, कारण जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर इंग्रजी अक्षरं खडाखड छापतो, पण तेलुगू किंवा मराठी नाव आलं की ते चित्र म्हणून पाठवावं लागतं आणि मग तो रांगत चालतो. इथपर्यंत ३३ चे ४० झाले. हे कुणीही सोसेल.

बाकीचे दोन खड्डे मोठे होते. वजनकाटा संगणकाला जोडायला मी चार तास धरले होते, गेले चौदा. गेल्या तीन हंगामांची शेतकऱ्यांची यादी एक्सेलमधून आणायला तीन धरले होते, गेले सतरा. एकूण ३१ तास वाढले, त्यातले २४ या दोन ठिकाणी. आणि या दोन्ही गोष्टी मी दर सांगायच्या आधी डोळ्यांनी पाहिल्याच नव्हत्या. बाकी सगळं माझ्या हातातलं होतं. काटा आणि यादी त्यांच्या घरातली होती.

काट्याचं थोडं सविस्तर सांगतो. काट्याच्या पेटीतून एक वायर संगणकात येते आणि त्यावरून वजनाच्या ओळी अखंड वाहत असतात. पेटीगणिक ओळीची ठेवण वेगळी, वेगही वेगळा. सेठजींकडची ओळ अशी होती:

```
US,GS,+005310kg
ST,GS,+005400kg
```

पहिली दोन अक्षरं महत्त्वाची. `US` म्हणजे काटा अजून हलतोय, `ST` म्हणजे स्थिरावला. माझ्या पहिल्या प्रोग्रॅमने ही अक्षरं सोडून थेट आकडा उचलला. चाचणीच्या दिवशी ट्रॅक्टरचं मागचं चाक पुरतं थांबायच्या आत ऑपरेटरने बटण दाबलं आणि ५,४०० च्या जागी ५,३१० ची नोंद झाली. रिकामी गाडी ३,०६० किलो. म्हणजे २३.४० क्विंटल माल २२.५० झाला आणि शेतकऱ्याचे साडेसहा हजारांहून जास्त रुपये एका बटणात गेले असते. मुनीमाने नुसत्या नजरेने गाडी बघून "एवढा कमी?" म्हटलं, म्हणून सापडलं. त्यावर दुसरी गंमत अशी, की वायर यूएसबीच्या दुसऱ्या खाचेत घातली की `COM3` चं `COM5` होतं आणि प्रोग्रॅम मुका होतो. झाडणारा पोऱ्या रोज वायर काढायचा. हे घरी लॅपटॉपसमोर बसून कुणाला सुचेल?

यादीची कथा आणखी साधी. एकच माणूस `Namdeo`, `Namdev` आणि `Naamdev` अशा तीन नावांनी, कधी आडनाव पुढे, कधी गावाचं नाव बेला, कधी नुसतं शिवार. एक की तीन, हे ठरवायला मी सतरा तास फोन करत बसलो. ते काम प्रोग्रॅमरचं नव्हतंच. पण गुत्त्यात ते कुणाचं, हे लिहिलेलं नव्हतं. आणि गुत्त्यात जे लिहिलेलं नसतं ते गुत्तेदाराच्या बोडक्यावर येतं.

पोळलो, म्हणून पुढचं काम तासावर घेतलं. गावातलंच एक कृषी केंद्र. बियाणं-औषधांचा साठा, बॅच नंबर, मुदत कधी संपते ते दाखवायचं. दर आठवड्याला तासांचा तक्ता पाठवायचो. पहिल्या तक्त्याला मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्यात एक ओळ होती, "बिलातील पैशांची चूक दुरुस्त, ३ तास." ते म्हणाले, "दादा, तुम्ही एकच ओळ बदलली असं तुम्हीच म्हणाले. एका ओळीचे अठराशे?" मी समजावलं की बदलायला दहा मिनिटं लागली, पण कुठली ओळ ते शोधायला बाकीचा वेळ गेला. त्यांनी मान डोलावली. पटलं नाही, हे दिसत होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं, कारण तपासायला त्यांच्यापाशी काही साधनच नव्हतं.

खरं नुकसान नंतर कळलं. मालकांनी मला फोन करणं बंद केलं होतं. सूट दिलेल्या मालाचं बिल चुकत होतं आणि ते दोन महिने छापील बिलावर पेनाने आकडा खोडून दुरुस्त करत होते. का, तर फोन केला की मीटर पडतं. सॉफ्टवेअर चालतं की नाही हे फक्त वापरणारा सांगू शकतो, आणि मी त्याच्या तोंडावर पैशाचं कुलूप लावून ठेवलं होतं. तासाचा दर अनुभवाला उलटी शिक्षा देतो, हा मुद्दा जाणकार नेहमी मांडतात. जो चटकन करतो त्याला कमी पैसे. ते खरंच आहे. पण गावात त्याहून जास्त नडतं ते हे गिऱ्हाइकाचं गप्प बसणं.

यावर कुणी म्हणेल की गावच्या माणसाला तासाचा हिशेब कळतच नाही. साफ चूक. आमच्या जिल्ह्यात जेसीबी तासावर चालतो आणि त्यावरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही. बांधावर उभा असलेला शेतकरी बकेट किती वेळा उचलली ते बघतो, ड्रायव्हर चहाला उतरला तर घड्याळ बघतो. शेतीत तर प्रत्येक कामाला वेगळं माप आहे. कापूस वेचणी किलोवर, कारण बोंड झाडावर दिसतं आणि वेचलेलं तोलता येतं. फवारणी पंपावर. निंदणी मात्र रोजाने, कारण गवत किती आहे ते आत शिरल्याशिवाय कळत नाही, आणि गुत्त्याने दिली तर वरवर उपटून मोकळे होतात. गुत्ता की रोज, हा वाद आमच्या बायाबापड्यांनी कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकाशिवाय कधीच निकालात काढला आहे. कामाचा आवाका आधी दिसतो का, आणि झालेलं काम दुसऱ्याला मोजता येतं का, या दोन प्रश्नांवर माप ठरतं.

सगळ्यात शहाणा करार मला बोअरवेलवाल्याचा वाटतो. जमिनीखाली काय आहे ते त्यालाही माहीत नाही, मालकालाही नाही. म्हणून तो एका आकड्यात बोअर देत नाही आणि तासावरही देत नाही. फुटाचा दर सांगतो. अमुक फुटांच्या खाली गेलं की दर चढतो, तेही आधी सांगतो. केसिंग पाइप वेगळा, कारण मऊ माती किती खोल आहे ते खणल्यावरच कळणार. मालक बाजूला उभा राहून रॉड मोजतो. मध्यरात्री "आणखी दोन रॉड टाकू का?" असं विचारलं जातं आणि निर्णय मालकाचा असतो. पाणी लागलं नाही तरी रॉडचे पैसे देताना तो नशिबाला बोल लावतो, मशीनवाल्याला नाही.

मला ही गोष्ट पटायला दोन हंगाम गेले. किमतीचा प्रश्न दुय्यम आहे. जे अजून कुणालाच दिसलेलं नाही त्याचा भार कोण उचलणार, हा प्रश्न आहे. निव्वळ गुत्त्यात तो सगळा माझ्यावर पडतो, निव्वळ तासांत सगळा सेठवर. म्हणून आता मी सबंध कामाला एक माप लावत नाही. काम फोडतो.

आधी पाहणी. एक शनिवार, सहा तास, ३,६०० रुपये, काम पुढे होवो न होवो. त्या दिवशी मी कोड लिहीत नाही. काट्याची वायर लॅपटॉपला लावून ओळ बघतो, त्यांच्याच प्रिंटरवर एक तेलुगू आणि एक मराठी नाव छापून बघतो, त्यांची यादी नावाप्रमाणे लावून दुबार नावं मोजतो. आणि गेल्या हंगामातल्या वीस पट्ट्या मागतो. चांगल्या दहा, आणि ज्यांवर खाडाखोड झाली, भांडण झालं, मालक स्वतः मध्ये पडला अशा दहा. या दुसऱ्या दहांत खरा नियम लपलेला असतो.

एक पट्टी उघडून दाखवतो. माल २३.४० क्विंटल, ओलावा १० टक्के, भाव ७,५२१, म्हणजे २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यावर टक्क्यामागे टक्का कटती आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. इथे दोन टक्के कटती. भावातून कापली तर ७,३७०.५८ चा भाव होतो आणि पट्टी १,७२,४७१.५७ ची. काही व्यापारी भावाला हात न लावता वजनातून कापतात. गणिताने उत्तर तेच यायला हवं. पण वजन २२.९३२ येतं, मुनीम दोन दशांश ठेवून २२.९३ लिहितो आणि पट्टी १,७२,४५६.५३ ची होते. पंधरा रुपयांचा फरक. दुसऱ्या पट्टीत वजन वर गेलं तर हाच फरक शेतकऱ्याच्या बाजूने पडेल. रक्कम क्षुल्लक आहे, पण वही आणि संगणक जुळत नाहीत एवढं दिसलं की मुनीमाचा संगणकावरचा विश्वास उडतो आणि मग तो दोन्हीकडे लिहायला लागतो. "कटती भावातून की वजनातून" हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारलाच नव्हता. जुनी पट्टी हातात असती तर विचारावा लागलाच नसता.

पाहणीनंतर जे दिसलं त्याचा गुत्ता. आणि गुत्त्याची हद्द मी आता सोयींची यादी करून लिहीत नाही. "रिपोर्ट मिळेल" या दोन शब्दांत पाच रिपोर्ट बसतात आणि पन्नासही. हद्द म्हणजे त्या वीस पट्ट्या. त्या संगणकावर टाकल्या आणि पैशासकट जुळल्या की काम झालं. पुढे त्यांपैकी एखादी चुकली तर चूक माझी, फोन करा, रात्री करा, पैसे नाहीत. एकविसाव्या तऱ्हेची पट्टी आली तर तो बदल, त्याचे रोज पडतील. कृषी केंद्राच्या मालकांना गप्प बसवणारं मीटर या एका वाक्याने बंद झालं.

जे पाहूनही दिसलं नाही त्याला रोज. तास नाही, रोज. शनिवारी मी सहा तास दुकानातच, मुनीमाच्या शेजारी बसून काम करतो. जेसीबी डोळ्यांसमोर चालतो म्हणून त्याचे तास पटतात, माझेही आता पटतात. आणि बोअरवाल्यासारखा रॉड आधी सांगतो. "यादीला तीन रोजांच्या वर लागतील असं दिसलं तर चौथा सुरू करायच्या आधी विचारीन."

गेल्या वर्षी पाटणबोरीकडच्या एका खरेदीदाराला हे असं लिहून दिलं, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडली. यादीपुढे "अंदाजे ३ रोज, १०,८००" हे वाचून ते म्हणाले, "नावं जुळवायला एवढे? आमचा दिवाणजी करंल ना!" दिवाणजींनी दोन दुपारी बसून यादी साफ केली. त्यांना प्रत्येक नामदेव तोंडपाठ होता. सेठजींच्या गुत्त्यात ते काम माझ्याकडे राहिलं, कारण तिथे ते सेठजींना फुकट होतं. किंमत उघडी पडली तशी ती योग्य माणसाकडे गेली. मला ते तीन रोज मिळाले नाहीत आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

माझे एक स्नेही म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, गुत्त्यात तीस टक्के वाढवून सांगावेत. मी हिशेब करून पाहिला. चाळीसचे तीस टक्क्यांनी बावन्न होतात, लागले एकाहत्तर. म्हणजे जिथे खड्डा आहे तिथे वाढीव टक्के पुरत नाहीत, आणि जिथे नाही तिथे साध्या गिऱ्हाइकाला उगाच भुर्दंड. शहरात तो खपून जातो. आमच्याकडे एका अडतीत काय दिलं ते संध्याकाळच्या चहापर्यंत शेजारच्या अडतीत पोचतं. दुसरे म्हणतात, गिऱ्हाईक पाहणीचे पैसे देणारच नाही. काही देत नाहीत, खरं आहे. तेवढी कामं जातात. काही हैदराबादचं तयार पॅकेज घेतात आणि साध्या दुकानाला ते पुरतंही. तिथे मी स्वतःच सांगतो की तेच घ्या.

शनिवार-रविवारवाल्याला यात आणखी एक काच आहे, जो पूर्णवेळ काम करणाऱ्याला नसतो. त्याचा गुत्ता लांबला तर तो पैशात बुडतो. आमचा लांबला की तो सोमवारात शिरतो. ऑक्टोबरमध्ये मी कंपनीच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून काट्याच्या ओळी वाचत होतो, हे आता सांगायला हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांचं काम केल्याबद्दल ३०० जणांना काढलं. पुढच्याच महिन्यात इन्फोसिसने परवानगी घेऊन बाहेरचं काम करायची वाट थोडी मोकळी केली. कापसाचा व्यापारी माझ्या कंपनीचा प्रतिस्पर्धी नाही आणि मी लेखी परवानगी घेतली आहे. पण त्या परवानगीत कामाचे तास सोडून असं लिहिलं आहे. लांबलेला गुत्ता पहिल्यांदा तीच ओळ मोडतो. म्हणून माझ्या कागदावर पैशाच्या आधी शनिवार मोजलेले असतात, आणि दसऱ्याच्या आत न बसणारं काट्याचं काम मी दिवाळीच्या पाडव्यानंतरही सुरू करत नाही. हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात या म्हणतो.

सेठजींचा दुसरा काटा यंदा उभा राहतोय. परवा त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, गुत्ता किती. मी म्हटलं, आधी वीस पट्ट्या काढून ठेवा आणि वायर कुठल्या खाचेत आहे ते पोऱ्याला विचारा. शनिवारी पाहणीला येतो, ३,६०० होतील. ते हसले आणि म्हणाले, "बोअरवाल्यासारखं बोलायला लागले तुम्ही." पट्ट्या काढून ठेवल्याचा निरोप काल आला. एकोणीसच सापडल्या.